आवाज आधी, तोंड मागून

चांदपाशाचं एडिटिंगचं दुकान भोकरदनला स्टँडसमोर, माडीवर. माणूस कामाला चोख, जिभेला तिखट. त्याचं सारं आयुष्य लग्नाचे व्हिडिओ कापण्यात गेलं, आणि तिथं नियम एकच : ज्यानं बोलावलं त्याचं तोंड दिसलं पाहिजे. राजूरच्या रामेश्वरनं मोबाइलवरच्या मालिकेचं काम दिलं, तेव्हा कुठं त्याला मनासारखं कापायला मिळालं. शेवटी पडद्यावर ‘संकलन : चांदपाशा’ येणार होतं. त्या एका ओळीसाठी त्यानं जीव लावला होता.

पहिला भाग बघताच रामेश्वर उसळला. मालिका त्याची, नायकही तोच; बहिणीच्या कामाला वर्षाराणी.

“माझा आवाज येऊन राह्यला अन् पडद्यावर वर्षाराणी भाकरी थापते? मी मेलो का?”

“तुम्ही म्हणता, ‘शेत विकलं मी.’ ते ऐकून बहिणीचा हात थांबतो. मंग तुम्ही दिसता. आवाज आधी, चित्र मागून. जे-कट म्हणतात याला.”

“अन् पुढं? माझं बोलणं सरायच्या आत पुन्हा तीच!”

“तो एल-कट. चित्र तिच्यावर गेलं, तुमचा आवाज मागं चालू राह्यला. असं केलं की बोलणं तुटत न्हाई.”

“मला शिकवू नको. जो बोलंल तो दिसंल, बिलकुल!”

चांदपाशाचं डोकं फिरलं. त्यानं एकेका ठिकाणी चित्राचा काप ओढून आवाजाच्या कापावर बराबर आणून ठेवला आणि भाग पुन्हा लावला.

आता ती बोलली की ती, तो बोलला की तो. प्रत्येक वाक्याला गचका. ‘शेत विकलं’ ऐकून थांबणारा तिचा हात तर दिसेनाच. आणि ऐन वाक्यात रामेश्वरचे डोळे डावीकडं सरकायचे, परत यायचे. कॅमेऱ्याशेजारी पुठ्ठ्यावर संवाद लिहून चिकटवायची त्याची सवय. ते डोळे चांदपाशानं आधीच्या कापात तिच्या चेहऱ्याआड झाकले होते.

कोपऱ्यात बसलेली वर्षाराणी खिदळली. “भाऊ, शेत विकलं का पाटी वाचली?”

रामेश्वर लालबुंद झाला. “मुद्दाम केलं तू! पहिलंच ठेव. पण तुझं नाव काढ.”

“नाव गेलं तर कापही गेले. हेच घेऊन जा. बराबर दिसता यात.”

चांदपाशानं पेनड्राइव्ह टेबलावर आपटला. रामेश्वरनं तो उचलला, दाणदाण जिना उतरला. वर्षाराणीही हसू गिळून उठली.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, “ठेव तुझं नाव! पण बारीक अक्षरात!”

तोंड दिसायला बराच वेळ लागला. तोवर चांदपाशानं भागाचे आधीचे काप पुन्हा उघडले होते. अक्षरं त्यानं होती तेवढीच ठेवली.