उणे दहा की दोनशे सेहेचाळीस

राग आला की माझे कान तापतात. त्या दिवशी दिग्रसच्या बर्फ कारखान्यात उभी होते तर आजूबाजूला बर्फच बर्फ, आणि माझे कान नुसते पेटलेले.

यवतमाळला एका छोट्या कंपनीत मी कंट्रोलर तपासायचं काम करते. आमचा डबा मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. उणे दहापेक्षा पाणी थंड झालं की बंद, नाही तर चालू. आतला प्रोग्राम आमच्या साहेबांनी स्वतः असेंब्ली भाषेत लिहिलेला. त्यात बोट घालायची कुणाची टाप नव्हती.

वादळात दिग्रसची लाइट गेली ती दोन दिवस आली नाही. साच्यांतला बर्फ आधीच विकला गेला होता, त्यामुळे टाकी तापत तापत अधिक सहावर गेली. लाइट आल्यावर ऑपरेटर चाचांनी स्टार्ट दाबलं. कॉम्प्रेसर ढिम्म. थेट हाताने चालवायच्या बटणाला कुलूप, आणि चावी कारखान्याच्या शेठच्या खिशात. शेठ दुसऱ्या दिवशी नागपूरहून आले, त्यांनी कुलूप काढून मशीन हाताने चालवली, पाणी उणेमध्ये गेल्यावर ऑटोवर टाकली. चालली की मस्त! म्हणजे मशीन चांगली, माणूस नालायक. शेठने चाचांना घरी बसवलं आणि मोबाइलवर बर्फवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आमचा ऑपरेटर झोपतो, कोणी ठेवू नका.’ तालुक्यातले सगळे कारखाने त्या ग्रुपवर.

चाचा यवतमाळला आमच्या दारात आले तेव्हा साहेब म्हणाले, “झोपले असाल. आमच्या डब्यात काही नाही.”

चाचा माझ्याकडे वळले. “बेटा, अल्ला कसम, मी बटन दाबलं होतं. तीनदा दाबलं.”

साहेब जेवायला गेल्यावर मी प्रोग्राम उघडला. कामाच्या दोनच ओळी. पहिली तापमान आणि उणे दहा यांची तुलना करते. तुलना म्हणजे नुसती वजाबाकी. तिला उणे-अधिक काही कळत नाही, ती फक्त निशाण्या लावून ठेवते. त्या कशा वाचायच्या ते पुढची उडी, म्हणजे प्रोग्रामला पुढे कुठे पाठवायचं ते सांगणारी दुसरी ओळ, ठरवते. साहेबांनी तिथे BRLO लिहिलेलं. ही उडी दोन्ही आकड्यांना बिनचिन्हाचे समजते. एका बाइटमध्ये दोनशे छप्पन्नच आकडे मावतात, म्हणून उणे दहा तिच्या लेखी दोनशे छप्पन्नातून दहा गेले, दोनशे सेहेचाळीस. मग अधिक सहा? सहा तर दोनशे सेहेचाळीसपेक्षा लहानच! म्हणजे पाणी पुरेसं थंड, कॉम्प्रेसर बंद. चिन्ह पाहणारी BRLT तिथे हवी होती.

पाणी उणेमध्ये असताना मात्र हे पाप झाकलेलं राहतं. उणे चार म्हणजे दोनशे बावन्न, ते दोनशे सेहेचाळीसपेक्षा मोठं, मशीन बरोबर चालते. डबा बसवला तेव्हा टाकी आधीच गार होती. पकडणार कोण?

साहेबांना दाखवलं तर म्हणाले, “बदलून टाक. पण तिकडे सर्व्हिसिंग म्हणून सांग. बोभाटा नको.”

सर्व्हिसिंग! एका माणसाची भाकर गेली आणि याला बोभाट्याची पडलीये! मी दुरुस्त प्रोग्राम भरलेली नवी चिप घेतली, कारखान्यावर या म्हणून चाचांना फोन केला आणि दिग्रसची एसटी पकडली.

शेठसमोर आधी जुनीच चिप ठेवली. सेन्सर गार पाण्याच्या ग्लासात बुडवला, पडद्यावर अधिक सात. म्हटलं, “दाबा स्टार्ट.” शेठने दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. मग नवी चिप घातली, तोच ग्लास, तेच बटण. कॉम्प्रेसर घरघरला.

“म्हणजे मशीनचीच गलती होती,” शेठ हसले. “जाऊ द्या, कोणाचीच चूक नाही.”

“मशीनची काहून?” मी ओरडलेच. “तिला जे लिहून दिलं तेच तिने केलं. चूक आमच्या साहेबांची आहे. आणि चाचांना न विचारता झोपाळू ठरवलं, ती तुमची.”

हमाल काम सोडून बघायला लागले. शेठचा चेहरा उतरला. “बरं चाचा, उद्यापासून या कामावर.”

“येतो,” चाचा म्हणाले. “पण शेठ, ग्रुपवर टाकलं होतं, तसंच ग्रुपवर टाका. माह्या जावयानं बी वाचलं ते.”

शेठने मोबाइल काढला. टाइप केलं, पाठवलं, खिशात घालायला लागले. मी हात पुढे केला आणि वाचायला मागितलं. नाइलाजाने त्यांनी पडदा माझ्याकडे केला.

‘मशीन दुरुस्त झाली. बर्फ आता नियमित मिळेल.’ पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

“अन् माह्यं?” चाचांनी विचारलं.

“समजते ना लोकायले,” शेठ म्हणाले. “आता एवढं कायले लिहाचं?”