मध्यस्थाची चौकशी

आमच्या मध्यस्थाला एकटा माणूस बघवत नसे. बसमध्ये शेजारी कुणी अविवाहित बसला, तर उतरायच्या आत त्याचं शिक्षण, पगार आणि मामाचं गाव याच्या तोंडपाठ. मूळचा वळसंगचा. सोलापुरात टॉवेल-चादरींचं दुकान. लग्नकार्याच्या आहेराच्या टॉवेल-टोप्या त्याच्याकडूनच जायच्या, त्यामुळे कुणाच्या घरी कार्य निघालंय आणि कुणाच्या घरी अडलंय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळे. शाळेपासूनचा माझा जिवलग मित्र, पण नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांची लग्नं त्यानं जमवली, तेव्हापासून तो सगळ्यांचा मध्यस्थच झाला.

त्याची एक पद्धत होती. "पोराला कशाला इचारायचं? पोरगं त्या दिवशी शानंच वागतंय. त्याच्या शेजाऱ्याला इचारायचं," असं तो म्हणे. मग मुलाच्या घरासमोरच्या टपरीवर दोन चहा होईपर्यंत बसून राही आणि इस्त्रीवाला, दूधवाला, वॉचमन यांच्याशी गप्पा मारी. परत येऊन सांगायचा, "पोरगं ग्वाड बोलतंय, पर आईवर वरडतंय. नगं." त्याचा नगं म्हणजे नगंच.

असा माणूस माझा मित्र आणि मी पुण्यात नोकरीला, तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा! त्याच्या धंद्याला बट्टा लागत होता. शेवटी त्यानं मला न विचारताच माझी पत्रिका आणि फोटो मंगळवेढ्याच्या एका घरी पोचवले. त्यांना पसंत पडलं. माझ्या आईला तर आकाश ठेंगणं झालं. येत्या रविवारी ती मंडळी घर बघायला येणार, सगळं जुळलं तर त्याच बैठकीत सुपारी फोडायची, इथवर गोष्ट गेली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. एका मुलीचं आयुष्य माझ्या गप्प बसण्यापायी फुकट जाणार होतं. मी मध्यस्थाला फोनवर लांबलचक मेसेज लिहिला. मला पुरुष आवडतात, कळायला लागल्यापासून आवडतात, मी गे आहे, हे लग्न मी करू शकत नाही. पाठवलं आणि फोन उशीखाली दडवून बसलो.

थोड्याच वेळात उत्तर आलं. "वाचलं. तुझ्यासंगं हाय. जेवून घे. बाकीचं कागदावर लिवतो, फोन पोरांच्या हातात असतोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोलापूरच्या गाडीनं पार्सल आलं. शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि टॉवेलाच्या घडीत दुकानाच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलेलं पत्र. तो जसा बोलायचा, तसाच लिहायचा.

"दोस्ता, तू मला सांगितलास, मला लई मोठं केलास. तुझा मेसेज वाचल्यावर आदी आठवलं, की गणपतीत त्या बाईवानी नाचणाऱ्या पोराची नक्कल करून मी समद्यांना हसवलं हुतं. तूबी हसला हुतास. तुला तवा हसावं लागलं, त्याची माफी मागतो.

"मंगळवेढ्याचं मी आजच मिटवलं. सोता गेलो हुतो. म्हणलं, पोरीत काई उणं न्हाय, चूक माझी, पोराला न इचारता पत्रिका दिली. तुझं बाकी काई बोललो न्हाय, काकूंनाबी येवडंच सांगितलं. लई शिव्या बसल्या, त्या माझ्या मी खाल्ल्या.

"तुझा मेसेज पुसून टाकलाय. घरात सुनंदालाबी सांगितलं न्हाय. आनखी कुणाला म्हाईत हाय त्ये कळीव, म्हंजी तेवड्यांतच मी तोंड उघडीन. काकूंना कवा सांगायचं, सांगायचं का न्हाय, त्ये तुझं तू ठरीव. मी घाई करनार न्हाय आन आडवनारबी न्हाय. सोबत पायजे असंल तर मी दाराभाईर पायरीवर बसतो. बिनसलंच तर दुकानावरची खोली तुझीच हाय.

"ह्यो आजार न्हाय, ह्ये मी वाचून खात्री केलीया. कुणी औषध न्हायतर बुवा सुचीवला तर मुळीच जाऊ नगंस. कायद्यानं गुन्हाबी न्हाय. लग्न तेवडं आजून कायद्यात बसत न्हाय. ज्या दिवशी बसंल त्या दिवशी बोलनी मी करनार, दुसऱ्या कुणाला काम देऊ नगंस. मला ह्यातलं थोडंच कळतंय. चुकीचं बोललो तर टोक. तुला सांगू वाटत न्हाय त्ये मी इचारनार न्हाय. मध्यस्थ हाय म्हनून येकच इचारतो. कुनी हाय का? असला तर तुला जेवलास का म्हनून इचारतो का?"

मी त्या टॉवेलात तोंड खुपसून रडलो. इतकी वर्षं छातीवर असलेलं ओझं या माणसानं बिलाच्या कागदावर उतरवून घेतलं होतं. मग चटणी-भाकरी खाल्ली आणि उत्तर लिहिलं. आहे. निखिल नाव. जेवलास का, विचारतो.

पुढच्याच आठवड्यात मध्यस्थ पुण्यात हजर! फोनवर पत्ता काढून घेतला होताच, माझ्याकडे न येता आधी निखिलच्या सोसायटीसमोर जाऊन बसला. आपण टॉवेलवाले आहोत एवढंच तिथं सांगितलं. संध्याकाळी माझ्या दारात उभा राहून निकाल दिला, "इस्त्रीवाल्याला अहो-जाहो करतंय. वॉचमनच्या पोरीला गणित शिकीवतंय. चालतंय."

आईला मी दिवाळीत सोलापूरच्या घरी सांगितलं. तो खरंच बाहेर पायरीवर बसला होता. आई आधी डॉक्टरला दाखवू म्हणाली, मग रडली. शेवटी उठून तिनं दार उघडलं.

"तुला म्हाईत हुतं व्हय रे?"

"व्हय काकू."

"आन तू ह्याचा दोस्त हाईस अजून?"

"म्हंजी काय काकू! आता तर जास्तच हाय की."

आई दारातून बाजूला झाली. "मग आत ये. उन्हात काय बसलाईस," म्हणाली. त्यानंतर कित्येक महिने तिनं हा विषय काढला नाही. तो मात्र दर आठवड्याला चटणी पोचवायच्या निमित्तानं तिच्याकडे जाऊन बसे. तिनं विचारलं तेवढंच सांगे. एके दिवशी तिनं विचारलं, "त्यो निखिल भाकरी खातो का रे?"

यंदा मध्यस्थानं घर बांधलं. वास्तुशांतीचं निमंत्रण देताना त्यानं फोनवर हळूच विचारलं, "हाक कशी मारू रं? दोगांना?" मी म्हणालो, चार लोक असतील, मित्र म्हण. "बरं," म्हणाला, आणि दिल्या शब्दाला जागला. आमच्याकडे आहेर करताना नवरा-बायकोला जोडीनं पाटावर बसवतात. जोड्या झाल्या, मग त्यानं माझं एकट्याचं नाव पुकारलं. मी जाऊन बसलो.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आईचा खणखणीत आवाज आला. "एकट्याला काय बसीवतोस? जोडीनं बसीव की!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. मध्यस्थानं आईकडे नाही, आधी माझ्याकडे बघितलं. मी निखिलकडे बघितलं, तर तो केव्हाच उठला होता. मी मान हलवली. मध्यस्थानं दुसरा पाट स्वतः आणून मांडला. दोघांच्या कपाळी कुंकू लावलं, दोघांना टॉवेल दिले, टोप्या घातल्या आणि मांडवाकडे वळून छाती पुढे काढून म्हणाला, "जमवलं ह्यांचं ह्यांनीच. पर चौकशी मी केलीया!"

आधी सुनंदावहिनी हसल्या, मग हळूहळू बाकीचे. दोन-चार जण उठून गेले, त्यांना त्यानं जाऊ दिलं. आई गर्दीतून वाट काढत पुढं आली, निखिलची तिरकी झालेली टोपी सरळ केली आणि म्हणाली, "जेवला का न्हाय रे तुमी दोगं?"