कुंदाबाईंनी न केलेली सही

आमच्या जळगावच्या छापखान्यात कुंदाबाई प्रुफं वाचायच्या. मी भटू, तिथलाच कंपोझिटर, खिळे जुळवणारा. बाईंनी माझ्या आयुष्यात जितकी लाल पेन्सिल झिजवली तितकी शाळेत कोणत्या मास्तरानेही झिजवली नसेल. मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. माणूस बारीक, आवाज बारीक, आणि हट्ट मात्र गाढवाला लाजवील असा.

छापखान्याचा एक नियम होता. प्रुफाच्या कोपऱ्यात कुंदाबाईंची सही पडल्याशिवाय जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढत नसे. नियम आमचे मालक चुडामणशेठ यांनीच केलेला, एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं गेल्यावर.

अठ्ठ्याऐंशी साली शेतीऔषधांच्या एका कंपनीचं काम आलं. बारा पत्रकं. केळी, कापूस, भुईमूग, सगळ्यांची. जुनी पत्रकं कुणा कृषितज्ज्ञाने लिहिलेली. एकेक वाक्य असं लांब की वाचता वाचता पीक काढणीला यावं. म्हणून कंपनीने ती पुण्याच्या एका लेखकाकडून सोप्या मराठीत नव्याने लिहून घेतली. एका वाक्यात आठ शब्द, त्याहून जास्त नाही, असा हुकूम. नवं लिखाण खरंच गोड होतं. मी जुळवताना खूश होतो, कारण जोडाक्षरं कमी.

बाईंनी पहिली दोन पत्रकं नव्या हस्तलिखिताशी ताडून पाहिली, काना-मात्रा सुधारल्या आणि सही केली. मशीनवाल्या झुलालने मशीन लावलं. तिसरं केळीचं होतं. त्यात एक आकडा अस्पष्ट होता, म्हणून बाईंनी जुनं पत्रक मागवलं आणि मला म्हणाल्या, "भटू, तू जुनं वाच. मी नव्यावर बघते."

मी वाचू लागलो. "लागवडीपूर्वी कंद द्रावणात अर्धा तास बुडवावेत व सावलीत पूर्ण सुकल्यानंतरच लावावेत, मात्र हाताळताना हातमोजे वापरावेत."

बाई म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. नव्या पत्रकात होतं, "कंद औषधात अर्धा तास बुडवा. लगेच लावा."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग एक विचित्र काम सुरू केलं. मी जुनं वाचायचं आणि त्यात 'जर', 'तरच', 'मात्र', 'शक्यतो', 'खेरीज', 'सुकल्यानंतरच' असं काही आलं की जुन्या कागदावर गोल करायचा. ती गोष्ट नव्यात सापडली की त्या गोलावर बरोबरची खूण. न सापडली तर गोल तसाच. मग उलटं, नव्यातलं एकेक वाक्य जुन्यात शोधायचं, म्हणजे पदरचं काही घातलंय का ते कळतं. अर्ध्या तासात त्या एका पानावर चार उघडे गोल राहिले. वाक्य लांब झालं की त्या लेखकाने शेपूट छाटलं होतं, आणि अट नेमकी शेपटात असायची. शिवाय "किडीचे प्रमाण कमी होण्यास मदत होते" याचं झालं होतं "कीड येणार नाही."

बाई उठल्या आणि थेट मशीनपाशी गेल्या.

"झुलालभाऊ, बंद करा."

"काय बंद करा? निम्मा ढीग निघी ग्या, बाई! सही तुम्हनीच शे ना?"

"माझीच आहे. म्हणूनच सांगते. बंद करा."

छापलेली दोन्ही पत्रकं त्यांनी तिथेच उभ्याने जुन्याशी ताडली. एकात 'फुलोऱ्यात फवारू नये' गायब होतं. बाईंचा चेहरा उतरला. "मी वाचलं आणि मला गोडच लागलं," एवढंच म्हणाल्या.

शेठ पिसाळले. "बाई, तुम्हाला पगार काना-मात्रेचा आहे. मजकूर कंपनीचा, जबाबदारी कंपनीची. तुमच्या काय बापाचं जातंय?"

"आईचं गेलंय," बाई म्हणाल्या.

त्यांची आई, धुरपदाबाई, शिरपूरकडे वीस वर्षं केळीच्या लागवडीला जात होती. औषधातले ओले कंद उघड्या हाताने उचलून लावायची. तिच्या बोटांना नखं उरली नव्हती आणि तळवे कायम सोललेले. मी पाहिले होते ते हात. भाकरी थापताना ती पीठ सैल भिजवायची, कारण घट्ट पीठ मळलं की रक्त यायचं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, हसरा. म्हणाला, "ताई, अहो शेतकरी शहाणा असतो. एवढं त्याला कळतं."

बाईंनी बांधणी खात्यातून केसरबाईला बोलावलं. केसरबाई कागद घड्या घालायची, हंगामात शेतात जायची. अक्षर एक येत नव्हतं. बाईंनी नवं पत्रक वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय करशील?"

"काय करनं शे? बुडाडसू, काढसू, लाई दिसू."

"हातांनी?"

"हातघाई नही ते काय पायघाई?" केसरबाई हसली. झुलालही हसला. साहेब हसला नाही.

"आणि नंतर कीड बघशील का?"

"कसाले? कंपनी सांगी ऱ्हायनी ना, कीड येवाव नही."

साहेब म्हणाला, जुनी वाक्यं फार लांब होती. बाईंनी कागद पुढे सरकवला. त्यावर त्यांनी लिहिलं होतं: "हातमोजे घाला. कंद औषधात अर्धा तास बुडवा. सावलीत पूर्ण सुकू द्या. सुकल्यावरच लावा." सगळी वाक्यं आठ शब्दांच्या आतली. "लांबी कापा," बाई म्हणाल्या, "अट कापू नका."

हातमोजे साहेबाने मान्य केले, फुलोरा मान्य केला. बाराच्या बारा पत्रकांतले उघडे गोल एकेक करून भरले. अडलं ते 'कीड येणार नाही'पाशी. ते वाक्य विक्रीवाल्यांचं होतं, आणि ते केळी आणि कापूस अशा दोन पत्रकांत होतं.

"ते राहील," साहेब म्हणाला.

"मग माझी सही नाही."

"शेठ करतील."

बाईंनी लाल पेन्सिल शेठपुढे धरली. "करा. पण खाली तुमचं नाव पूर्ण लिहा."

शेठने पेन्सिल घेतली. केसरबाई अजून तिथेच उभी होती, शेठकडे बघत. शेठने पेन्सिल टेबलावर आपटली आणि साहेबाला म्हणाले, "दहा छापतो. ती दोन घेऊन जा."

साहेब दोन पत्रकं घेऊन गेला आणि दुसरीकडून छापून घेतली, त्याच वाक्यासकट. फक्त केळीच्यात हातमोजे आले. पुढच्या वर्षी कंपनीचं एकही काम आमच्याकडे आलं नाही. शेठ महिनाभर बाईंशी बोलले नाहीत आणि बाईंनीही त्यांची मनधरणी केली नाही. आधी छापून झालेली चुकीची पत्रकं रद्दीत जाऊ नयेत म्हणून बाईंनी ती स्वतः उभं राहून कटिंग मशीनवर आडवी कापायला लावली. "रद्दी पुडीला जाते, आणि पुडीचा कागद लोक वाचतात," म्हणाल्या.

ती दोन पत्रकं बाजारात आली त्या आठवड्यात मी काही कामाने त्यांच्या घरी गेलो होतो. केळीचं ते बाहेर छापलेलं पत्रक कुठून तरी त्यांच्या हाती लागलं होतं. बाई आईला वाचून दाखवत होत्या. 'कीड येणार नाही'वर त्यांनी लाल रेघ मारलेली. "हातमोजे घाला," त्यांनी वाचलं.

धुरपदाबाईने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले.

"आमना येळे हाई कोनी वाची दखाडं नही, माय," ती म्हणाली. मग कागद लेकीपुढे ढकलला. "पुन्हा वाच."