परतीचा वेळ

पुण्यात मी एका दिवसात चार गिऱ्हाइकं उरकायचे, म्हणून चेन्नईतही उरकीन असं मला वाटायचं. पहिल्या नोकरीतला ताठा होता तो! आमची कंपनी कारखान्यांना धातू कापायची हत्यारं विकायची. गिऱ्हाइकानं फोनवर भेटीचं विचारलं की मी दोन वेगवेगळ्या वेळा सुचवायचे आणि त्यातली एक त्यानं निवडायची, अशी आमची पद्धत होती.

त्या शुक्रवारी आई येणार होती. एकटी, पहिल्यांदाच, संध्याकाळी पाचला पोचणाऱ्या गाडीनं, चेन्नई सेंट्रल स्टेशनला. तिच्याजवळ मोबाइल नव्हता, मराठीखेरीज भाषा येत नव्हती, आणि वेस्ट मांबलममधली माझी खोली तिनं पाहिलेली नव्हती. "तू स्टेशनवर असशील ना?" हे तिनं घरच्या फोनवरून तीनदा विचारलं होतं. तीनदाही मी हो म्हटलं होतं.

आणि त्याच शुक्रवारी चेन्नईबाहेर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याला आमच्या नव्या ड्रिलची चाचणी घ्यायची होती. मी त्यांच्या प्लांट मॅनेजरना सकाळी साडेनऊ किंवा दुपारी दोन असं सुचवलं. त्यांनी दोन घेतले. तीनला काम संपेल, साडेचारला सेंट्रल, असा माझा हिशेब. मी खूश.

आमचे शाखाप्रमुख शेजारच्या टेबलावर होते. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे. त्यांची मराठी ऐकायला जुनी आणि चालीला तमिळ; मलाही ते तमिळ रीतीनं 'अम्मा' म्हणायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दोन नक्को, अम्मा. जातांना तू पोचशील. येतांना काय करशील? दुपारनंतर बंदराकडचे कंटेनर सगळे त्या रस्त्याला लागतात. ते काय तुझ्या आईची गाडी पाहून बाजूला होणार?"

"पण सर, ते कबूल झालेत. आता बदललं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते म्हणतील. आत्ता सांगितलंस तर बदल म्हणतात. शुक्रवारी सांगितलंस तर तोंड लपवावं लागेल."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. यांना काय कळतं माझ्या वेळेचं, असंच मनात आलं. तरी फोन लावला. आई येतेय, परतीचा वेळ धरायचा राहिला, सकाळची वेळ मिळेल का, असं सरळ विचारलं. पलीकडचे म्हातारे मॅनेजर हसलेच. "शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याआधी मशीन सुरू करू. तुम्ही साडेनऊला या. मलाही तेच बरं." एवढंच. मी उगाच घाबरले होते.

शुक्रवारी पहाटेच निघालो. हत्यारांची पेटी जड, म्हणून लोकल ट्रेन नाही, ऑफिसची गाडी. आणि सर स्वतः बरोबर आले. रस्ता मोकळा होता. पोचलो लवकर, पण फाटकावर नोंद, पास, सेफ्टी शूज, हेल्मेट यांत बराच वेळ गेला, आणि मशीनपाशी उभे राहिलो तेव्हा साडेनऊच झाले होते. फाटकाचा वेळही सरांनी धरला होता, मी तो कधीच धरत नसे. ड्रिलनं काम चोख केलं. पुढचं बोलणं कँटीनमध्ये इडलीवर झालं, लांबलंही. बारा वाजत आले तसे सर उठले आणि म्हणाले, "बस. या पोरीची आई येते."

येताना अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. सर डुलकी घेत होते. मी मात्र रस्त्याकडे बघत बसले, आणि अडीच वाजले तेव्हा मनात आलं, दोनची वेळ घेतली असती तर या घटकेला मी अजून कारखान्यातच असते.

चार वाजून गेल्यावर सेंट्रलला उतरले. सर गाडीतूनच म्हणाले, "जा, जा, आईला आमचा नमस्कार सांग." मी नीट आभारही मानले नाहीत. पुढेही ते राहूनच गेलं, आणि त्याची रुखरुख आजही आहे. म्हणून हे लिहितेय. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

गाडी आली. आईच्या डब्याच्या दारात एक तमिळ बाई आईची पिशवी धरून फलाटावर कुणाला तरी शोधत होत्या. त्यांच्यामागून आईचा चेहरा दिसला. मी हात हलवला, तशा त्या बाई मागे वळून डब्यात ओरडल्या, आणि आतून दहाबारा माणसं खिडक्यांतून वाकून माझ्याकडे बघायला लागली.

"मी सगळ्यांना खुणा करकरून सांगितलं होतं," आई उतरताना म्हणाली, "माझी लेक असेलच म्हणून."