दोन पॉइंट पाच

माझी ताई डूख धरणाऱ्यांतली आहे. हे मी कौतुकानेच सांगते, कारण आमच्या घरातली बाकीची मंडळी इतकी मऊ, की येणारा-जाणारा टपली मारून जातो आणि आम्ही त्याला चहा विचारतो. ताईला कुणी टपली मारली, तर ती चहा देते, पण टपली विसरत नाही.

ती नर्सिंग कॉलेजात औषधं शिकवायची. कोणतं औषध, किती, कुणाला, कधी नाही. एकदा फळ्यावर डोस लिहिताना तिच्याकडून दशांशाचा पॉइंट राहिला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ताईने तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि मुलीला शाबासकीही दिली. गोष्ट तिथेच संपायची. पण विभागप्रमुखाला ती कळली आणि त्याने तिचा डांगोरा पिटला. पॉइंट विसरणारी बाई उद्या रुग्ण मारायला शिकवेल, असं तो संस्थेच्या बैठकीत म्हणाला. ताईचा वर्ग काढून त्याने स्वतःकडे घेतला. आयत्या बिळावर नागोबा! कॉलेजात त्याला सहीबहाद्दर म्हणत, कारण समोर येईल त्या कागदावर तो न वाचता सही ठोकायचा.

ताईला त्याने लायब्ररीमागच्या खोलीत बसवलं. काम दिलं ते त्याच्या जुन्या लेक्चरांच्या नोट्सचं. झेरॉक्सची झेरॉक्स काढून स्कॅन केलेल्या पीडीएफ, म्हणजे नुसते पानांचे फोटो. त्यात एखादा शब्द शोधायला जावं तर काही सापडायचं नाही. फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं की मजकूर निघायचा, पण काय मजकूर! दोन रकाने एकमेकांत घुसलेले, ओळी मधेच तुटलेल्या, प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं कॉलेजचं नाव वाक्याच्या पोटात शिरलेलं. ताईने ते सगळं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत, नीट लावायला घेतलं. मोठ्या विषयाआधी एक हॅशची खूण, पोटविषयाआधी दोन, की त्यांचे मथळे आपोआप उठून दिसतात आणि अनुक्रमणिका तयार होते. डोसचे तक्ते उभ्या रेघा घालून पुन्हा बांधले. प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून पाहिला, कारण झेरॉक्समध्ये फिकट झालेला पॉइंट सॉफ्टवेअरला दिसत नाही.

घरी येऊन ती दातओठ खात सांगायची, त्याचं शिकवणं आपण धुऊन, इस्त्री करून देतोय. मी तिला दरवेळी चिथवायचे. तसं कबूल करायला मला मुळीच लाज वाटत नाही.

मग एक दिवस ती हसत घरी आली. हृदयाच्या एका औषधाचा डोस मूळ पानावर अडीच मिलिग्रॅम होता, दोन पॉइंट पाच. मशीनने वाचला होता पंचवीस. इतके दिवस असलं काही दिसलं की ती दुरुस्त करत होती. हे मात्र तिने स्वतःजवळच्या प्रतीत दुरुस्त केलं आणि प्रमुखाकडे तपासणीला जाणाऱ्या प्रतीत तसंच ठेवलं.

पद्धत अशी होती, की प्रमुखाने प्रत मूळ पानांशी ताडायची, ‘तपासले’ म्हणून सही करायची, सोमवारी ती संस्थेच्या बैठकीत दाखवायची, आणि नंतरच कॉलेजच्या साइटवर चढवायची. तो वाचणार नाही, हे ताईला ठाऊक होतं. बैठकीत पडद्यावर ती औषधाचं नाव शोधणार, पंचवीस दाखवणार, शेजारी मूळ पान उघडणार आणि खाली त्याची सही. पॉइंट कुणाचा राहिला, हे तिला फक्त एकदा सगळ्यांसमोर विचारायचं होतं. काट्याने काटा! मी तिच्यासाठी चांगली साडी इस्त्री करून ठेवली.

अपेक्षेप्रमाणे सही आली. शुक्रवारी सकाळी मात्र जिन्यात एका विद्यार्थिनीने ताईला थांबवलं आणि नोट्सबद्दल आभार मानले. पूर्वी त्या स्कॅनमध्ये काही शोधायचं तर अर्धा तास जायचा, आता वॉर्डमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर नाव टाकलं की डोस समोर. तिने दाखवलंही. सुंदर मथळा, त्याखाली स्वच्छ तक्ता, आणि त्यात पंचवीस. बैठकीआधीच बढाई मारता यावी म्हणून सहीबहाद्दराने प्रत परस्पर साइटवर चढवली होती. साइटचा पासवर्ड त्याच्याकडेच.

ताईने मला फोन केला. तिचा आवाज मी ओळखला नाही.

मी म्हटलं, “सोमवारपर्यंत गप्प बस. वॉर्डात मोठ्या सिस्टर असतात, त्या डोस तपासतात. आता तर तो पुरताच अडकला.”

“मळकट पानावर माणूस शंका घेतो गं,” ती म्हणाली. “मी पान स्वच्छ केलंय. त्यावर कोण शंका घेणार?”

फोन ठेवून ती थेट वर्गात गेली. तिच्याच जुन्या वर्गात, जिथे तो शिकवत होता. दुपारी त्या मुलींची वॉर्डची पाळी होती. दार न वाजवता ती आत शिरली, खडू उचलला, औषधाचं नाव लिहिलं, पुढे दोन पॉइंट पाच लिहून पॉइंटभोवती गोल काढला. तो बाहेर जा म्हणाला. ती गेली नाही.

“नोट्समध्ये पंचवीस आहे, ते चूक आहे,” ती मुलींना म्हणाली. “ही चूक मला दिसली होती. सरांना तोंडघशी पाडायचं म्हणून मी ती मुद्दाम सोडली. सरांनी न वाचता सही केली आणि तुमच्या हातात दिली. आमच्या भांडणात रुग्ण गेला असता. आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी वहीत लिहून घ्या.”

मुलींनी लिहून घेतलं. साइटवरून नोट्स दुपारच्या आत उतरल्या.

सोमवारची बैठक झाली, पण चौकशी म्हणून. मी दाराबाहेर बाकावर बसले होते आणि तो धुळीला मिळावा म्हणून मनातल्या मनात सगळं काही करत होते. तो म्हणाला, मी प्रत्येक पान ताडलं होतं. त्यावर चौकशी समितीतल्या एका बाईंनी त्याला सहज विचारलं, मग पंचवीस दिसलं नाही, की दिसूनही चाललं? त्याचं प्रमुखपद गेलं.

ताईचं त्याहून मोठं गेलं. ज्या बाईने जाणूनबुजून चुकीचा डोस सोडला, तिने पुन्हा औषधं शिकवायची नाहीत, कधीच नाही. मला तो निकाल अजून पटलेला नाही. ताईला मात्र तो पटला, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पण त्या समितीत कुणीतरी माझ्यासारखं खुनशी असावं. त्यांनी ठरवलं, की सगळ्या नोट्स पुन्हा ताडायच्या, दोघांनी मिळून, एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तयार प्रत पाहायची. त्यामुळे आता लायब्ररीमागच्या त्या खोलीत रोज दोन खुर्च्या समोरासमोर असतात. तो वाचतो, ताई पाहते. डबा द्यायला म्हणून गेले की मी दारात जरा रेंगाळते. परवा त्याने पाण्याचा घोट घेतला आणि एक आकडा भरभर म्हणून पुढच्या ओळीवर गेला.

ताईने पडद्यावरची नजर हलवली नाही. “पॉइंट ऐकू आला नाही, सर,” ती म्हणाली. “पान पहिल्यापासून वाचा.”