आठ बारची वाटणी

माझा थोरला भाऊ गुलबर्ग्याच्या एका डाळमिलमध्ये कॉम्प्रेसर सांभाळतो. मी बिदरला मैलूरमध्ये कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवते. मंठाळच्या आमच्या घरात यंत्राचं वेड आधी त्याला होतं, पण डिप्लोमा माझ्या वाट्याला आला. त्यानं लवकर काम धरलं म्हणून मी शिकू शकले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या दिवशी माझं डोकं का फिरलं ते कळेल.

ऐन उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "आगं, मला कामावरनं काढायलेत. परत व्हॉल्व्ह तुटला. सावकार म्हणायलाय, तू तेल नीट घालत न्हाईस. तू एकदा येऊन बघ की."

सावकार म्हणजे मिलचा मालक. तेल घालत नाही म्हणे. हा माणूस घरी सायकलच्या साखळीलाही तेल घातल्याशिवाय बाहेर पडत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती फोनवरच, आणि दिवसभर उतरली नाही.

डाळमिलमध्ये हवेचं काय काम, असं लोक विचारतात. फोडलेली डाळ एका यंत्रातून पडत असते. कॅमेऱ्याला काळा दाणा दिसला की त्या दाण्यावर हवेची बारीक फुंकर बसते आणि तो बाजूला उडतो. ती फुंकर कॉम्प्रेसरमधून येते. हवा कमी पडली की काळे दाणे डाळीतच राहतात, माल परत येतो आणि बोलणी बसतात कॉम्प्रेसरवाल्याला.

मी पोचले तेव्हा भाऊ फाटकाशीच उभा होता. मशीनच्या खोलीत पाय टाकला आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. दोन सिलिंडरांचा कॉम्प्रेसर, एक मोठा, एक लहान. मोठा बाहेरची हवा ओढून थोडी दाबतो, लहान तीच हवा घेऊन पूर्ण दाबापर्यंत नेतो. दोघांच्या मध्ये पातळ पत्र्यांच्या पात्यांची एक जाळी असते, तिच्यावर पंख्याचा वारा येतो. तो मधला कूलर. या मशीनवर कूलर नव्हताच. त्याच्या जागी एक लोखंडी पाइप वाकवून बसवला होता. मी त्यावर पाण्याचे थेंब टाकले. चर्र आवाज झाला आणि थेंब गायब.

"कूलर कुठंय?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "गळायला होता. पात्यांत तुरीचा तेलकट भुसा बसून गच्च झालता. लहान सावकार म्हणाला काढ, सरळ पाइप टाक. पाइप त्यानंच वाकवून आणला."

"आणि तू टाकलास?"

"मग काय करू?"

लहान सावकार म्हणजे मालकाचा पुतण्या. नुकताच इंजिनियरिंग करून आलेला, हातात मोबाइल, अंगाला अत्तराचा वास. तो आला आणि उभ्या उभ्या मला समजावू लागला. समजावणाऱ्या माणसांचा मला आधीच वीट आहे.

"मॅडम, कूलर काढला ते चांगलंच झालं. हे बघा." त्यानं दोन सिलिंडरांमधल्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळावर बोट ठेवलं. काटा तीन बारवर होता. "आधी इथं दोन दाखवायचा. टाकीत आपल्याला पाहिजे आठ. म्हणजे मोठा सिलिंडर दोनच बार करायचा आणि लहान्यावर सहाचा बोजा. म्हणून त्याचे व्हॉल्व्ह तुटतात. आता तीन झालाय. चारवर नेला की निम्मं निम्मं. चार ह्याचे, चार त्याचे. ते कसं करायचं तेवढं सांगा."

मी ऐकून घेतलं. चुकीचं बोलणाऱ्याचा राग मी गिळू शकते. पण चुकीचं बोलून वर हिशेब बरोबर जुळल्याचं समाधान चेहऱ्यावर मिरवणाऱ्याचा नाही गिळता येत.

"घड्याळ शून्य दाखवतं तेव्हा हवा नसते का?" मी विचारलं. "बाहेरच्या हवेचा एक बार असतोच. घड्याळ त्याच्या वरचं तेवढं दाखवतं. म्हणजे तुम्ही शून्यावरून आठवर जात नाही, एकावरून नऊवर जाता."

"ठीक आहे. तरी निम्मं..."

"निम्मं नाही. दाब किती बारांनी वाढला यावर काम ठरत नाही, किती पट झाला यावर ठरतं. एकाचे तीन, तिनाचे नऊ. दोन्हीकडं तिप्पट. हवा मध्ये नीट गार केली तर याच वाटणीत दोघांना सारखं काम पडतं आणि एकूण काम सगळ्यांत कमी लागतं. तीनमधून बाहेरचा एक वजा करा, घड्याळात दोन. कंपनीनं सिलिंडरांची मापं तेवढ्यासाठीच तशी ठेवलीत. तुमचे चार म्हणजे खरे पाच, तिथं मोठा सिलिंडर पाचपट दाबणार आणि लहाना दुप्पटसुद्धा नाही. ही वाटणी म्हणायची का?"

तो मोबाइलमध्ये आकडेमोड करू लागला. मी थांबले नाही.

"आणि तीन झाला तो मोठ्यानं जास्त मेहनत करावी म्हणून नाही, लहान्याला घास गिळेना म्हणून झाला. दाबली की हवा तापते, तापली की फुगते. उन्हात घातलेली रजई पेटीत कोंबून बघा. कूलर होता तेव्हा हवा गार होऊन आकसायची, लहान्यात सहज मावायची. आता तीच हवा गरम आणि फुगलेली येते. लहाना तेवढी घेऊ शकत नाही, म्हणून मध्ये तुंबते आणि काटा वर चढतो. फुगलेली हवा दाबायला मोटर जास्त वीज ओढते. शेवटी लहान्यातून बाहेर पडताना हवा अडीचशे अंशांच्या आसपास जाते. त्या उष्म्यानं तेलाचा कोळसा होतो, तो व्हॉल्व्हवर बसतो आणि व्हॉल्व्हची पट्टी तुटते. कधीतरी तो कोळसा पाइपात पेटेलसुद्धा. माझा भाऊ दिवसभर या खोलीत बसतो."

शेवटचं वाक्य मी बरंच मोठ्यानं बोलले असणार, कारण बाहेरचे हमाल दारात येऊन उभे राहिले.

जुना कूलर भुशाच्या पोत्यांमागे फेकलेला सापडला. भावानं आणि मी तो बाहेर ओढला. डिझेलमध्ये घासला, साबणाच्या पाण्यानं धुतला, पात्यांतून उजेड दिसेपर्यंत. एका जोडाला चीर होती, ती पितळ वितळवून भरली, हवा भरून पाण्यात बुडवला, बुडबुडा आला नाही. तुटलेली व्हॉल्व्हपट्टी बदलली. काम करताना भाऊ लहानपणी शिट्टी वाजवायचा तशी वाजवत होता. मला वाटलं, आता सुटला हा.

संध्याकाळी मशीन सुरू केलं. टाकी भरत आठवर आली. मधला काटा दोनवर येऊन टेकला.

"बघा, दाब उतरला," लहान सावकार म्हणाला. "बिघडवून ठेवलं."

मी त्याच्याशी बोलले नाही. मोठे सावकार येऊन उभे होते, त्यांना मोटरचा मीटर दाखवला. कूलर बसवायच्या आधी टाकी आठवर असताना मोटर किती वीज ओढत होती ते मी त्यांच्यासमोरच वाचून ठेवलं होतं. आता त्याच आठवर काटा चांगलाच खाली होता. म्हातारा माणूस, त्यांना पटीचं गणित कळलं की नाही माहीत नाही, पण मीटर कळला. लहान्या सिलिंडरच्या पुढच्या पाइपाशी हात नेऊन त्यांनी उष्मा अजमावला आणि मान डोलावली.

"बरं झालं," ते म्हणाले. मग भावाकडं वळले. "पण हा कूलर काढला कुणी? इतके दिवस माझं मशीन जळायलंय. काढणाऱ्याला मी ठेवणार न्हाई."

पुतण्या मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याच्या जागी मी असते तर निदान मान तरी वर केली असती. मी म्हणाले, "तुमच्या पुतण्यानं काढायला लावला. पाइपही त्यांनीच वाकवून आणला."

मोठ्या सावकारांचा चेहरा बदलला, आणि राग आला तो माझ्यावर. घरातल्या माणसाचं नाव हमालांसमोर घेतलं होतं ना मी.

"व्हय रे?" त्यांनी विचारलं ते पुतण्याला नाही, माझ्या भावाला.

भावानं हातातला पाना खाली ठेवला. हात जोडले. "न्हाई सावकार. मीच काढलो. गळायला होता म्हणून मीच पाइप टाकलो. हिला माहीत न्हाई. चूक झाली."

"दादा," मी म्हणाले.

"तू गप बस."

मोठ्या सावकारांचा श्वास मोकळा झाला. चूक कबूल करणारा माणूस चांगला असतो, एक वेळ माफ, राहू दे त्याला, असं काहीबाही ते बोलले. पुतण्यानं माझ्यासाठी चहा मागवला. वर म्हणाला, "मॅडम, रागावू नका, माणसाकडून होतं." मी तो कप त्याच्या अंगावर फेकला नाही, एवढाच माझ्याकडून त्या दिवशीचा सभ्यपणा.

भाऊ माझी हत्यारांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत आला.

"एवढ्या माणसांत मला खोटं पाडलंस," मी म्हणाले.

"तुला काय व्हायलंय? तू बिदरला जातीस. मला उद्या हितंच यायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "त्याचं नाव घेतल्यावर सावकार त्याला काढणार व्हता, का मला? तूच सांग. तुला हिशेब येतोय की."

मला उत्तर येत होतं. मी पिशवी त्याच्या हातातून हिसकून घेतली आणि गाडी सुरू केली.

हुमनाबादपर्यंत मी मोठ्यानं शिव्या देत आले. भित्रा, लाचार, पाठीचा कणा नसलेला, जे जे तोंडाला आलं ते. चहाच्या टपरीवर गाडी लावली तेव्हा लक्षात आलं, यातली एकही शिवी मी लहान सावकाराला दिली नव्हती. सगळ्या दादाला दिल्या होत्या, ज्यानं मला शिकवलं त्याला. टपरीवाल्यानं चहा पुढं केला आणि विचारलं, अक्का, डोळ्यांत काही गेलंय का.