दीड टाकलं तर?

दादरच्या क्लासमध्ये नोकरीसाठीचं माझं ते डेमो लेक्चर होतं. एम.एस्सी. होऊन चार महिने झाले होते. बारावीची साठेक मुलं समोर आणि शेवटच्या बाकावर क्लासचे सर वही घेऊन बसलेले. माझ्याआधीच्या दोघांना त्यांनी अर्ध्या तासात थांबवलं होतं, हे ऑफिसातल्या बाईंनी मला सांगून ठेवलेलं. तळहाताला इतका घाम आला होता की खडू सारखा निसटत होता.

पहिलं गणित ठीक गेलं. शून्यापासून तीनपर्यंत |x − 2| चं इंटिग्रेशन. दोनच्या अलीकडे आतली किंमत ऋण होते, म्हणून दोनवर तोडायचं, अलीकडे 2 − x घ्यायचं, पलीकडे x − 2. दोन अधिक अर्धा, अडीच. मुलांनी उतरवून घेतलं.

मग मी शून्यापासून दोनपर्यंत [x²] घेतलं. चौकटी कंस, म्हणजे आतल्या संख्येपेक्षा मोठा नसलेला सगळ्यात मोठा पूर्णांक. घाईत मी एकवरच तोडलं. एकपर्यंत शून्य, पुढे दोनपर्यंत एक. उत्तर एक. खाली रेघ मारली.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी राहिली.

"मिस, दीड टाकलं तर? दीडचा वर्ग सव्वादोन. मग तिथे दोन नको का?"

मी x तोडला होता, x² नाही. तो एकाशिवाय दोन आणि तीनलाही ओलांडतो. सरांचं पेन चालू झालेलं दिसलं. डस्टर हातात होतं. पुसून टाकावं, वेळ संपली म्हणावं, असं खरंच मनात आलं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "माझं चुकलं."

चुकीच्या ओळीवर काट मारली आणि शेजारी नव्याने मांडलं. एक, √2, √3 असे तीन ठिकाणी तुकडे. शून्य, मग √2 − 1, मग √3 − √2 ची दुप्पट, मग 2 − √3 ची तिप्पट. बेरीज 5 − √2 − √3. ती मुलगी ओळीओळीने माझ्याबरोबर मान हलवत होती.

सरांनी मला थांबवलं नाही. नंतर केबिनमध्ये बराच वेळ वही चाळत राहिले. मी खुर्चीच्या कडेवर बसून भोईवाड्यातल्या घरी आईला काय सांगायचं ते ठरवत होते.

"ते गणित घरून सोडवून आला नव्हतात," ते म्हणाले.

"नव्हते," मी म्हटलं.

"सोमवारपासून या. सोडवून या."

त्याला नऊ वर्षं झाली. अजूनही तो धडा आला की आदल्या संध्याकाळी मी सगळी गणितं कागदावर सोडवते, आणि वर्गात कुणी हात वर केला की आधी फळ्यावरची माझीच ओळ पुन्हा वाचते.